परत केलेली ऑर्डर वर घे

पोरी,

रिपोर्टरला पाठवायचा म्हणून तू मला दाखवलेला मेल पहिल्यांदा तिसऱ्या ओळीवरच सोडून दिला होता, राग मानू नकोस. "आमच्या घराण्याला चार पिढ्यांची परंपरा" असं दिसलं की रिपोर्टर तो मेल जाहिरातवाल्यांकडे ढकलतो, मीपण तेच करायचो. चहा घेऊन परत उघडला तर पार खाली सापडलं, की मुंबईच्या दुकानाची कोल्हापुरीच्या तीनशे जोडांची ऑर्डर तुम्ही ॲडव्हान्ससकट परत केलीत. अगं, बातमी तीच आहे! तळाशी कशाला दडवलीस?

पहिली ओळ एवढीच: "मिलानच्या फॅशन शोनंतर आलेली तीनशे कोल्हापुरींची ऑर्डर आम्ही परत केली, कारण पावसात कातडं वाळत नाही." सब्जेक्टमध्ये त्यातलं "तीनशे कोल्हापुरींची ऑर्डर परत केली" एवढंच टाक, मोबाईलवर पुढचं कापलं जातं.

मग आत्ताच का, ते. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, गाजावाजा झाला, मागणी आली, आणि नेमका पाऊस लागला. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं ओलसर असताना घाईने वापरलं तर बुरशी धरते, तळ वाकतो, हे तूच लिहिलंयस की, तेही खालीच. परंपरा, आजोबा, बक्षिसं, सगळं काढ. आणि "कोल्हापुरी फक्त आमचीच" हे वाक्य तर आधी खोड. 2019 च्या जीआयमध्ये, म्हणजे माल कुठल्या भागाचा ते सांगणाऱ्या सरकारी मानांकनात, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे आहेत, रिपोर्टर दोन मिनिटांत तपासेल आणि मग तुझ्या तीनशेवरपण त्याचा विश्वास बसणार नाही.

मी इतका का चिडतोय? पेपरच्या डेस्कवर असताना एका हातमागवाल्याचं पत्र आलं होतं, दोन पानं सगळी वारशाची, आणि शेवटच्या ओळीत, सोमवारी माग भंगारात देतोय. मी ते बुधवारी वाचलं. आता म्हणशील, काका, पूर्ण वाचायचं ना आधी. रोजचा ढीग बघितला असतास तर बोलली नसतीस! पण ती ओळ वर असती तर फोटोग्राफर रविवारीच गेला असता, हे मी अजून म्हणतो. पहिली ओळ, पोरी, पहिली ओळ.

शेवटी दोन नंबर दे, तुझा आणि वडिलांचा, पैसे परत केल्याची पावती मागितली तर दाखवू असं लिही, दुकानवाल्याला विचारल्याशिवाय त्याचं नाव मात्र टाकू नकोस. पीडीएफ नको. एकाच रिपोर्टरला पाठव, दहा जणांना सीसी केलेलं दिसतं आणि मग कुणीच हात लावत नाही. तीन दिवसांनी एकदा विचार, नाही म्हणाला तर दुसरा. पण बातमी पावसाची आहे, गणपतीपर्यंत घोळत बसलीस तर गेली.

आज रात्री पाठवू नकोस, पानं लागायची वेळ असते. उद्या सकाळी नऊला, मीटिंगच्या आधी. फोटो शोरूमचा नको, पत्र्याखाली टांगलेल्या त्या ओल्या कातड्यांचा काढ.

तुझा काका