पुस्तकं ढापणाऱ्या मित्रासाठी 'फरार आरोपी' पोस्टर कसं लिहायचं?

*प्रश्न : माझा एक मित्र पुस्तकं नेतो आणि परत देत नाही. त्याच्या वाढदिवसाला 'फरार आरोपी' छापाचं गमतीचं पोस्टर द्यायचं आहे. तो हसायला हवा आणि जमलं तर पुस्तकंही परत यायला हवीत. काय लिहू?*

घोडेस्वार-बंदूकवाला विलायती नमुना घेऊ नका. तो सगळ्यांनी इतका पाहिलाय की कोणी वाचत नाही. आपल्या पेपरात पोलिसांच्या निवेदनाची जी कोरडी मराठी येते, 'सदर इसम', 'अंगात', 'पायात', 'मुद्देमाल', ती धरा. भाषा जितकी गंभीर तितकं हसू जास्त. विनोद करतोय असं एकाही ओळीत दिसू देऊ नका, उद्गारचिन्हं तर नकोतच.

आम्ही गोव्यात रायबंदरला राहतो, आमचा पुस्तकबुडव्या फेरीबोटीने पलीकडे चोडणला. त्याच्यासाठी केलेला मजकूर देतो, नाव तेवढं बदललंय.

फरार इसमाचा शोध

नाव : भाई उर्फ 'फाल्यां दितां'.

वर्णन : उंची ५ फूट ७ इंच, बांधा मजबूत, रंग गव्हाळ. शेवटचा दिसला तेव्हा अंगात निळा टीशर्ट, पायात रबरी चपला, काखेत आमच्या घरचे पुस्तक.

गुन्ह्याची पद्धत : सदर इसम चहाच्या निमित्ताने घरात शिरतो. कपाटासमोर मान वाकडी करून उभा राहतो. 'हें बरें आसा?' असे विचारतो व उत्तराची वाट पाहत नाही.

मागणी केल्यास : पावसाळ्यात 'भिजतलें म्हूण हाडूंक ना', उन्हाळ्यात 'फेरी चुकली', एरवी 'चवथ जाल्या उपरांत दितां'. कोणती चवथ, हे अद्याप निष्पन्न झालेले नाही.

मुद्देमाल : माशांच्या कालवणांचे पुस्तक, बांगड्याच्या पानावर हळदीच्या अंगठ्याचा ठसा. शब्दकोश, पुठ्ठा सुटलेला. आजोबांची सही असलेली कादंबरी, आत खुणेला कदंबचे तिकीट.

इनाम : इसमास पुस्तकांसह हजर करणाऱ्यास रस ऑम्लेट व दोन पाव. नुसता इसम आणल्यास काही मिळणार नाही.

खरं काम 'मुद्देमाल' करतो. 'माझी सगळी पुस्तकं दे' म्हटलं की माणूस हसतो आणि विसरतो, कारण कुठली ते त्यालाही आठवत नसतं. हळदीचा अंगठा वाचल्यावर मात्र ते पुस्तक घरात कुठे पडलंय ते डोळ्यांपुढे येतं. म्हणून प्रत्येक पुस्तकाची एक खूण लिहा, आणि नक्की त्याच्याकडेच आहेत अशीच तीन-चार घ्या. संशयावर पाचवं घातलंत की सगळी चर्चा त्या पाचव्यावरच होते, आणि बाकीची चार आरामात सुटतात. जे त्याने पुढे तिसऱ्याला दिलंय ते आलं तर नशीब.

'चोर' हा शब्द टाळा, 'फरार' पुरे. पोलिसांचं चिन्ह, खऱ्या ठाण्याचं नाव, शिक्का, मित्राचा मोबाईल नंबर, यातलं काहीही नको. आणि हे पोस्टर चार मित्रांच्या घरात राहू दे. तिंट्यावर चिकटवलंत किंवा वाड्यावरच्या ग्रुपवर टाकलंत, की अर्ध्या लोकांना थट्टा कळत नाही आणि बाकीचे कळूनही त्याच्या आईला जाऊन विचारतात. बदनामीचं कलम (भारतीय न्याय संहिता, ३५६) गमतीवर कोणी लावेल असं नाही, पण त्याची आई माझ्या मते जास्त कडक.

छपाईचं थोडक्यात. कागद ए-फोर, शीर्षक ८० पॉइंटच्या आसपास, मजकूर १६. ओळींमध्ये दीडपट अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. फोटो दोन, समोरून आणि बाजूने, काळे-पांढरे. त्याचा हसरा फोटो अजिबात घेऊ नका, मतदार कार्डावर असतो तसा चेहरा हवा.

कागद जुना दिसायला हवा असेल तर आधी झेरॉक्स काढा आणि गार कोऱ्या चहाचा बोळा फिरवा. झेरॉक्सची पूड उष्णतेने कागदावर वितळून बसलेली असते, ती पसरत नाही. घरच्या प्रिंटरची शाई पाण्यात विरघळणारी असली तर आरोपीचा चेहराच वाहून जातो. जून-जुलैत हा उद्योग करत असाल तर पंख्याखाली रात्रभर वाळवा. आपल्याकडच्या दमट हवेत ओला कागद गुंडाळून ठेवला की बुरशी धरते.

आणि पोस्टर फ्रेम करू नका. फ्रेम भिंतीवर जाते आणि पुस्तकं आहेत तिथेच राहतात. रिकाम्या कापडी पिशवीला टाचणीने लावा आणि ती पिशवी त्याच्या हातात द्या. आमच्या भाईने ती पुढच्याच रविवारी फेरीतून आणली. आत कालवणांचं पुस्तक होतं, शब्दकोश होता आणि तिसऱ्याच कोणाची तरी एक कादंबरी. रस ऑम्लेट त्याने स्वतःच वसूल केलं, आरोपीला आपणच हजर केलं म्हणून.