शील्डची शेपटी आणि ‘इलेक्ट्रॉनिक अर्थ’

प्रश्न: ड्राइव्ह चालू केला की पॅनेलमधला ॲनालॉगचा आकडा नाचतो. शील्डेड केबल आहे, शील्ड एका टोकाला अर्थ केली आहे. कन्सल्टंट म्हणतात वेगळा इलेक्ट्रॉनिक अर्थ पिट करा. करावा का?

नको. कोळसा-मिठाचा आणखी एक खड्डा भरून हा आकडा थांबणार नाही. हा वाद मी सोलापुरात इतक्या वेळा घातलाय की आता हिशोबासकट लिहून टाकतो.

आपल्याकडे सगळे समजतात की नॉइज अर्थमधून जमिनीत ‘उतरतो’. तो तिकडे निघालेलाच नसतो. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये आत सुमारे ५६० व्होल्ट डीसी असतं आणि आयजीबीटी स्विच ते सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागात चालू-बंद करतात. त्या प्रत्येक झटक्याला मोटारची केबल आणि वाइंडिंग बॉडीच्या तुलनेत एखाद्या कपॅसिटरसारखी भरते. तो करंट जिथून निघाला तिथेच, म्हणजे त्याच ड्राइव्हमध्ये, परत यायला वाट शोधतो. सोपी धातूची वाट दिली नाही, तर तो तुमच्या ॲनालॉगच्या शील्डवरून आणि शून्य व्होल्टच्या वायरवरून येतो.

आता खड्ड्याचा हिशोब. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका सायझिंग मशीनच्या पॅनेलला असाच स्वतंत्र पिट होता, ३५ मीटर लांब, १० चौरस मिलिमीटरच्या हिरव्या वायरने जोडलेला. पॅनेलमध्ये सगळ्या ॲनालॉग शील्ड इन्सुलेटरवर बसवलेल्या वेगळ्या तांब्याच्या पट्टीवर आणल्या होत्या आणि ती पट्टी त्या वायरवर. ५० हर्ट्झला या वायरचा अडथळा ०.१ ओहमसुद्धा नाही. पण सरळ वायरचं इंडक्टन्स मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री धरलं तरी ३५ मायक्रोहेन्री होतं आणि १ मेगाहर्ट्झला ते २२० ओहम भरतं. अर्थ टेस्टरवर पिट कितीही छान दिसो, ड्राइव्हच्या नॉइजसाठी ती शील्ड जवळजवळ लोंबकळतच होती. मे महिन्यात पिटात पाणी ओतणं सेफ्टीसाठी योग्यच आहे, या आकड्यासाठी त्याचा उपयोग नाही.

त्या मशीनवर लोड सेल ॲम्प्लिफायरचे ० ते १० व्होल्ट म्हणजे ० ते ५०० किलो ताण. ड्राइव्ह थांबलेले असताना २१२ वर आकडा दगडासारखा. चालवले की २०५ ते २२०. ताण सांभाळणारा पीआयडी त्या खोट्या आकड्यामागे धावायचा आणि सूत तुटायचं. काही उघडायच्या आधी तपासण्या केल्या. ड्राइव्हला सप्लाय चालू पण रन नाही: आकडा स्थिर. ५ हर्ट्झवर रन: नाच सुरू. कॅरियर फ्रिक्वेन्सी ८ वरून २ किलोहर्ट्झ केली: नाच कमी. म्हणजे संशय ड्राइव्हच्या आउटपुटवर. मग पीएलसीच्या त्या चॅनेलवरून फील्डची जोडी काढून दोन्ही टर्मिनल छोट्या वायरने शॉर्ट केले आणि ड्राइव्ह चालवले: शून्यावर शांत. म्हणजे घाण केबलमधून येतेय, कार्डातून नाही. ही शेवटची तपासणी ० ते १० व्होल्टच्या इनपुटला करा, दोन मिनिटांचं काम आहे. मल्टिमीटरवर भरवसा ठेवू नका, तो सरासरी दाखवतो आणि सगळं बरं दिसतं.

पहिलं काम उगमाशी. मोटारची साधी चार कोअर केबल लोड सेलच्या वायरीसोबत एकाच डक्टमधून तीन मीटर गेली होती. तिच्या जागी तांब्याच्या जाळीची शील्डेड केबल टाकली, ड्राइव्हजवळ जाळी पॅनेलच्या माउंटिंग प्लेटला क्लॅम्प केली, मोटारच्या टर्मिनल बॉक्सला धातूच्या ग्लँडमधून घेतली. मोटार केबलची शील्ड दोन्ही टोकांना अर्थ करायची, यात चर्चा नाही. तीच परतीची वाट आहे. दोन केबलींमध्ये २०० ते ३०० मिलिमीटर अंतर ठेवलं आणि जिथे एकमेकींना ओलांडावं लागलं तिथे काटकोनात. एवढ्यानेच आकडा २१० ते २१५ मध्ये आला.

उरलेलं शील्डच्या शेपटीत होतं. आपले वायरमन जाळी पिळून तिची १२ सेंटीमीटरची शेपटी करतात, हिरवी स्लीव्ह चढवतात, लग मारतात. दिसायला सुबक. पण ती शेपटी साधारण १२० नॅनोहेन्री आहे, ५ मेगाहर्ट्झला सुमारे ३.८ ओहम. शील्डवरून ५० मिलिॲम्प नॉइज वाहिला तर शील्ड आणि प्लेटमध्ये १९० मिलिव्होल्ट उभे राहतात आणि त्यातला काही भाग आतल्या जोडीवर चढतो. ५०० किलोच्या स्केलवर १०० मिलिव्होल्ट म्हणजे ५ किलो.

शेपटी कापून टाका. बाहेरचं आवरण २५ मिलिमीटर सोला, जाळीला ब्लेड लागू देऊ नका. उघड्या जाळीला चारही बाजूंनी कवटाळणारा शील्ड क्लॅम्प थेट प्लेटवर बसवा, केबल पॅनेलमध्ये शिरते तिथेच. केबल फॉइलची असेल तर तपासा: बहुतेक वेळा फॉइलची धातूची बाजू आतून, ड्रेन वायरला टेकलेली असते आणि बाहेरून प्लॅस्टिक. तशी क्लॅम्प केली तर काहीच जोडलं जात नाही. फॉइल आवरणावर उलटी दुमडा म्हणजे धातू वर येईल, त्यावर ड्रेन वायर गुंडाळा, मग क्लॅम्प. क्लॅम्पपाशी शील्ड संपवू नका. टर्मिनलपर्यंत न्या आणि उघडी जोडी ३ सेंटीमीटरच्या आत ठेवा, पीळ न सोडता.

प्लेट पावडर कोटेड असेल तर क्लॅम्प रंगावर बसलेला असतो आणि संपर्क फक्त स्क्रूच्या आट्यांमधून. मीटर शून्य ओहम दाखवेल, फसू नका. रंग खरवडून चकचकीत धातू काढा, दातेरी वॉशर घाला, नंतर कडेने गंज रोखणारा झिंक स्प्रे मारा. नवीन पॅनेल घेताना गॅल्व्हनाइज्ड प्लेटच मागा. त्या मशीनवर इन्सुलेटरवरची पट्टी काढून सगळ्या शील्ड प्लेटला क्लॅम्प केल्यावर आकडा २१२ वर, जेमतेम अर्धा किलो इकडे-तिकडे.

ॲनालॉग शील्ड एका टोकाला की दोन्ही, यावर: एका टोकाचा नियम ५० हर्ट्झच्या ग्राउंड लूपसाठी आहे आणि तिथे तो बरोबर आहे. दोन्ही टोकं एकाच पॅनेलमध्ये किंवा नीट बाँड केलेल्या मशीनवर असतील तर मी दोन्ही टोकांना क्लॅम्प करतो. ट्रान्समीटर दुसऱ्या शेडमध्ये असेल तर पॅनेलकडेच करा, दुसऱ्या टोकाला काही नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर घाला आणि ४-२० मिलिॲम्पला आयसोलेटर लावा. पीएलसीचं इनपुट शॉर्ट करूनही आकडा नाचत असेल तर वरचं सगळं सोडा, आधी २४ व्होल्टचा सप्लाय आणि शून्य व्होल्टची वायरिंग पाहा.

तुमचा वेगळा पिट आधीच खणून झाला असेल तर तो बुजवू नका, मुख्य अर्थ ग्रिडला जोडा. सुटा ठेवलेला पिट धोक्याचा आहे: जवळ वीज पडली की दोन खड्ड्यांमध्ये हजारो व्होल्टचा फरक उभा राहू शकतो आणि तो फरक तुमच्या ॲनालॉग कार्डातून जुळायला बघतो.