समितीला पत्र देताय? मग डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा

प्रश्न: माझ्या टीममधल्या एका मुलीने आमच्या मॅनेजरविरुद्ध कंपनीच्या अंतर्गत समितीकडे लैंगिक छळाची तक्रार केलीय. एक प्रसंग माझ्यासमोर घडलाय. ती म्हणतेय सपोर्टिंग लेटर दे. नक्की काय लिहायचं? ते पत्र मॅनेजरला दिसेल का? आणि चुकून काही चुकलं तर माझ्यावर शेकेल का?

असं पत्र मी स्वतः दिलंय, आणि नंतर दुसऱ्या कंपनीत 3 वर्षं (कायद्याप्रमाणे एका वेळी जास्तीत जास्त तेवढीच मुदत असते) समितीवर होते त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघितलंय. खाली माझाच अनुभव सांगतेय, पण जागा, तारखा बदलल्यात, कारण कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याच्या कलम 16 प्रमाणे तक्रारदार, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो आणि साक्षीदार यांची ओळख उघड करायची नसते, आणि ते चौकशी संपल्यावरही लागू असतं.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते कारण बहुतेक लोक तिथेच अडकतात. हो, मॅनेजरला दिसेल. गुप्तता म्हणजे बाहेरच्यांपासून, त्याच्यापासून नाही. त्याच्याविरुद्ध जे वापरणार त्याला उत्तर द्यायची संधी त्याला द्यावीच लागते, नाहीतर पुढे अपिलात अख्खी चौकशीच उडते. त्यामुळे पत्र लिहिताना समोर समिती बसलीय असं समजू नका, तो माणूस प्रत्येक ओळ वाचून यात खोटं काय सापडतं ते शोधतोय असं समजा. हे ऐकून भीती वाटेल पण लिहायला याचाच फायदा होतो, फालतू वाक्यं आपोआप गळतात.

माझं पहिलं पत्र मी रात्री रागात लिहिलं होतं, सव्वा पान. "सदर गृहस्थांचं महिलांशी वागणं पहिल्यापासूनच आक्षेपार्ह आहे, हे ऑफिसमध्ये सगळ्यांनाच माहीत आहे, त्या दिवशीही त्यांनी तिचा विनयभंग केला आणि ती खूप घाबरली होती, तिला न्याय मिळावा." माझ्या नात्यातल्या एक वकीलबाई आहेत, त्यांना नाव-गाव न सांगता एवढी वाक्यं वाचून दाखवली तर त्या म्हणाल्या, अगं यात तू कुठेयस? आणि खरंच, ते पत्र तिथे हजर नसलेल्या कोणीही लिहिलं असतं. 'सगळ्यांना माहीत आहे' म्हणजे कोणाला? 'विनयभंग' हा निष्कर्ष झाला, तो काढायचं काम समितीचं. आणि 'घाबरली होती' हे मला कसं कळलं? चेहऱ्यावरून? आवाजावरून? मग तेच लिहायला हवं ना.

दुसऱ्या दिवशी परत बसले. भोसरीतलं ऑफिस, मार्चअखेरचं स्टॉकचं काम, आम्ही चारपाच जणं उशिरापर्यंत थांबलेलो. शेवटी पत्राचा मधला भाग असा झाला:

"मी अकाउंट्स विभागात 4 वर्षांपासून काम करते. तक्रारदार माझ्या सहकारी आहेत. आमची मैत्री आहे, पण कामाबाहेर नातं किंवा व्यवहार नाही. दि. 28 मार्च 2019 रोजी संध्याकाळी साधारण सव्वासातच्या सुमारास मी माझ्या टेबलापाशी होते. तक्रारदारांचं टेबल माझ्यापासून तीन टेबलं सोडून आहे. मध्ये काचेचं अर्धं पार्टिशन आहे आणि लाइट चालू होते. श्री. ____ त्यांच्या खुर्चीच्या मागे उभे राहून स्क्रीनकडे वाकलेले मी पाहिले. त्यांचा उजवा हात खुर्चीच्या पाठीवर होता. तो हात तक्रारदारांच्या खांद्याला लागत होता की नाही हे मला माझ्या जागेवरून दिसत नव्हतं. तक्रारदारांनी खुर्ची पुढे ओढली. त्यानंतर ते पुन्हा पुढे सरकून वाकले. तेव्हा तक्रारदार एकदम उठल्या, त्यांच्या हातातली फाइल खाली पडली, ती न उचलता त्या बाहेर गेल्या. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. दोनतीन मिनिटांनी मी वॉशरूममध्ये गेले. त्या बेसिनपाशी रडत होत्या. त्या मला म्हणाल्या, 'मला इथे बसायचं नाहीये, तू माझी बॅग आणून दे.' मी बॅग आणून दिली आणि आम्ही दोघी एकत्रच बाहेर पडलो."

बघा, यात विनयभंग, छळ, न्याय यातला एकही शब्द नाही. 'खांद्याला लागला का ते दिसलं नाही' हे वाक्य मला काढून टाकावंसं वाटत होतं, वाटलं यामुळे तिची बाजू लंगडी होईल, तिच्या तक्रारीत तर खांद्यावर हात ठेवला असं होतं (ते मला नंतर सुनावणीत कळलं). पण झालं उलटंच. त्याचं म्हणणं होतं की आम्ही दोघींनी मिळून गोष्ट रचलीय. आता रचलेल्या गोष्टीत कोणी स्वतःहून 'मला दिसलं नाही' लिहील का? समितीवर असताना मी एकदा दोन साक्षीदारांची पत्रं बघितली, ज्यात तक्रारीतलंच अख्खं वाक्य जसंच्या तसं होतं, चुकीच्या स्वल्पविरामासकट. खरं सांगते, ते दोघं कदाचित खरंच बोलत असतील पण त्या पत्रांची किंमत तिथेच अर्धी झाली. म्हणून तुम्ही तिची तक्रार वाचूच नका. तिने पाठवली तरी आधी स्वतःचं लिहून संपवा, आणि सहीआधी तिला 'बरोबर आहे का बघ' म्हणून दाखवू नका. तारीख-वेळेत थोडा फरक निघाला तर निघू दे, लोक घड्याळ बघत बसत नाहीत हे समितीला कळतं. मी सव्वासात लिहिलं होतं, पंचिंगमध्ये आम्ही दोघी 7:31 ला एका मिनिटात बाहेर पडलेलो दिसलो, आणि तेच उपयोगी पडलं. इथे कोर्टातल्या फौजदारी खटल्यासारखं शंकेला जागाच नको असं नसतं, कोणाचं म्हणणं जास्त संभवतं ते बघतात, त्यामुळे बॅग आणून दिली, फाइल पडली असल्या बारीक गोष्टींना वजन येतं.

वॉशरूममधलं वाक्य अवतरणात का घातलं तेही सांगते. तिने मला नंतर, म्हणजे आठवड्याने कँटीनमध्ये, बरंच काही सांगितलं होतं आधीच्या प्रसंगांबद्दल. ते मी लिहिलं नाही, कारण ते तिचं सांगायचं आहे, मी सांगितलं तर ती ऐकीव गोष्ट. पण घटनेनंतर लगेच, त्याच अवस्थेत ती जे बोलली ते मी स्वतः ऐकलंय, त्याला वेगळं महत्त्व असतं. फक्त तिचे शब्द तिचेच ठेवा, सुधारू नका. तुम्हाला त्या रात्री तिचा मेसेज आला असेल तर तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट जोडा आणि मूळ चॅट फोनमध्ये ठेवा, समिती फोन दाखवा म्हणू शकते. मधले मेसेज डिलीट करून 'स्वच्छ' केलेली चॅट मी बघितलीय, त्याचं समोरच्याने असं भजं केलं की विचारू नका.

दुसऱ्या मुलींनाही असा अनुभव आलाय हे तुम्हाला माहीत असेल तरी त्यांची नावं परस्पर घालू नका हं. त्यांना वाटलं तर त्या येतील.

एक प्रश्न हमखास येतो, तेव्हाच का नाही बोललात? मी पत्रातच लिहिलं होतं की त्या दिवशी तिने कोणाला सांगू नको म्हटलं आणि माझंही अप्रेझल त्यांच्याच हातात होतं. लाज वाटली लिहायला, पण ते खरं होतं, आणि आधीच लिहिलेलं असल्यामुळे सुनावणीत त्यावर पुढे कोणी ताणलं नाही.

शेकण्याबद्दल. कलम 14 मध्ये खोट्या तक्रारीसोबत खोटी साक्ष किंवा बनावट कागद देणाऱ्या साक्षीदारावरही कारवाईची शिफारस करता येते, हे खरं आहे. पण तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी असं कायदा म्हणत नाही. तुमची वेळ पंधरा मिनिटांनी चुकली तर कोणी खोटी साक्ष म्हणणार नाही, न पाहिलेलं पाहिलं म्हणालात तर म्हणतील. खरी अडचण दुसरीकडे आहे. चौकशी चालू असताना मॅनेजरने तिचा कामाचा रिपोर्ट लिहू नये अशी शिफारस समिती करू शकते, पण नियमात ही सोय तक्रारदार बाईसाठी लिहिलीय, साक्षीदारासाठी नाही. म्हणून तुम्ही त्याच्याच हाताखाली असाल तर पत्राच्या शेवटी एक ओळ टाका, की माझंही रिपोर्टिंग सदर व्यक्तीकडे आहे, चौकशी संपेपर्यंत माझं मूल्यमापन दुसऱ्या अधिकाऱ्याने करावं ही विनंती. मिळेलच असं नाही, पण पुढे रेटिंग अचानक घसरलं तर ही ओळ तारखेसकट रेकॉर्डवर असते.

पत्र समितीच्या पीठासीन अधिकाऱ्यांच्या नावाने द्या, एचआर हेडच्या नाही, प्रत्येक पानावर सही करा आणि पोच घ्या. तिने तक्रारीत साक्षीदार म्हणून तुमचं नाव दिलंय का एवढं विचारा, नसेल तर तिला समितीला कळवू दे. नुसतं पत्र देऊन सुटका होत नाही, बोलावतील, आणि बोलावणं आलं तर जावं लागतं कारण साक्षीदाराला बोलवायच्या बाबतीत समितीला दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. वकील मात्र तक्रारदार आणि मॅनेजर दोघांपैकी कोणालाच आणता येत नाही. आमच्याकडे त्याचे प्रश्न लेखी घेऊन पीठासीन बाईंनी विचारले, तो समोर नव्हता. 'तुमच्या जागेवरून ते टेबल दिसतच नाही' हा त्यातला एक. मग बाई स्वतः दोन सदस्यांना घेऊन माझ्या खुर्चीत येऊन बसल्या आणि एकाला तिकडे उभं केलं. दिसत होतं, खांद्यापर्यंतचं दिसत होतं आणि खुर्चीवर बसलेलीचा खांदा पार्टिशनच्या मागे जात होता, म्हणजे मी लिहिलं होतं तसंच.

आणि शेवटी जबाब टाइप करून सहीला देतील तेव्हा घाई करू नका, पूर्ण वाचा. मी मराठीत बोलत होते आणि टाइप इंग्रजीत होत होतं. मी म्हणाले होते खुर्चीच्या पाठीवर हात होता, कागदावर 'चेअर'चा पत्ताच नाही, थेट 'हँड ऑन हर बॅक' आलं होतं. साडेसहा वाजले होते, सगळे कंटाळले होते, पण मी ते खोडून घेतलं, शेजारी सही केली आणि मगच उठले.