७ चा पन्नासावा घात: पहिला अंक कुठून कळतो?

लॉग ७ ला ५० ने गुणून ४२.२५४९ आलं. इथे ४२ सोडून फक्त ०.२५४९ बघायचं असं शिकवलं. ४२ सोडायचं का?

कारण त्या ४२ ने अंक बदलतच नाहीत, फक्त दशांशचिन्ह सरकते. ७^५० म्हणजे १०^४२ गुणिले १०^०.२५४९. यातला पहिला भाग म्हणजे १ वर ४२ शून्ये. त्याने कशालाही गुणा, अंकांचा क्रम तोच राहतो. म्हणून आपल्याला हवा असलेला अंक दुसऱ्या भागातच आहे.

अपूर्णांक भाग ० आणि १ च्या मधे असतो, त्यामुळे १० चा तो घात १ आणि १० च्या मधे येतो. आता लॉग २ आहे ०.३०१०. आपले ०.२५४९ त्याहून कमी, म्हणजे ती संख्या १ आणि २ च्या मधली. पहिला अंक १. अँटिलॉग काढलात तर १.७९८ मिळेल, आणि खरोखरच ७^५० ची सुरुवात १७९८४६५ अशी होते. ४२ अगदीच वाया जात नाही बरं का: त्यात १ मिळवला की एकूण अंक किती ते कळते. ४३.

हीच रीत ७^७१ ला लावली. लॉग ७ = ०.८४५ धरलं, ५९.९९५ आलं, म्हणजे पहिला अंक ९. कॉम्प्युटर मात्र १ दाखवतो. रीत चुकीची आहे का?

रीत बरोबर आहे, ०.८४५ अपुरे आहे. लॉग ७ ची किंमत ०.८४५०९८०४ अशी आहे. तुम्ही ०.००००९८ सोडून दिलेत. एरवी ते नगण्य, पण ७१ ने गुणल्यावर तीच चूक जवळजवळ ०.००७ होते. खरे उत्तर ६०.००१९६ आहे, म्हणजे संख्या साधारण १.००४५ गुणिले १०^६०. तुमचा पहिला अंक चुकलाच, शिवाय ६१ अंकी संख्या ६० अंकी ठरली.

म्हणून उत्तर लिहिण्याआधी चूक जास्तीत जास्त किती असू शकते ते पाहा. तीन दशांश स्थळांपर्यंतच्या लॉगमध्ये ती ०.०००५ पर्यंत असते, तिला घातांकाने गुणा. ७१ साठी ०.०३५५ येते. ५९.९९५ च्या दोन्ही बाजूंना एवढे अंतर ठेवले तर मधे ६० येतो, म्हणजे ९ की १ हे या माहितीवरून ठरवताच येत नाही. जास्त स्थळांचा लॉग घ्या.

७^५० ला हा धोका नव्हता. तिथे ०.८४५ नेही ४२.२५ येते, चूक फार तर ०.०२५, आणि ०.२२५ ते ०.२७५ हा सगळा पट्टा ० आणि ०.३०१० च्या आतच आहे. मात्र दुसरा अंकही हवा असेल तर तिथेही जपून: लॉग १.८ = ०.२५५३, आपल्या ०.२५४९ ला अगदी चिकटून. चार स्थळांच्या टेबलवरून ७ की ८ हे खात्रीने सांगता येणार नाही.

घातांक ऋण असेल तर? ७^(−५०) चा लॉग −४२.२५४९, मग पहिला अंक पुन्हा १ का?

नाही. अपूर्णांक भाग नेहमी धन घ्यायचा असतो. −४२.२५४९ म्हणजे −४३ अधिक ०.७४५१. लॉग टेबल वापरणारे म्हणूनच ४३ वर आडवी रेघ देतात. लॉग ५ = ०.६९९० आणि लॉग ६ = ०.७७८२, त्यामुळे पहिला अंक ५.

७ च्या घातांचा शेवटचा अंक ७, ९, ३, १ असा फिरत राहतो. पहिल्या अंकाचंही असं चक्र असतं का?

चक्र नसते, पण चक्राचा भास होतो, आणि तो वरच्या ७^७१ मुळेच. घातांक ७१ ने वाढवला की संख्येला १.००४५ गुणिले १०^६० ने गुणले जाते. म्हणजे अपूर्णांक भाग फक्त ०.००१९६ ने पुढे सरकतो. इतक्या थोड्या सरकण्याने पहिला अंक सहसा बदलत नाही, म्हणून ७१ घातांनंतर जुनीच यादी पुन्हा सुरू झाल्यासारखी वाटते.

पण हे सरकणे थांबत नाही. घातांक कितीही पावलांनी वाढवा, अपूर्णांक भाग जागच्या जागी परतणार नाही. त्यासाठी ७ चा एखादा घात १० चा घात असावा लागेल, आणि ७ चे सगळे घात विषम असतात. थोडे थोडे सरकत केव्हातरी सीमा ओलांडली जातेच. ७^५० पासून ७१-७१ ची पावले टाका: ७^१२१, ७^१९२, असे करत ७^१६८३ पर्यंत प्रत्येक संख्या १ ने सुरू होते. ७^१६८३ चा अपूर्णांक भाग ०.३००००, लॉग २ च्या किंचित अलीकडे. पुढच्या पावलाला, ७^१७५४ ला, तो ०.३०१९६ होतो आणि पहिला अंक २ येतो.