‘एथिकल’ फंडाच्या यादीत सिगारेट कंपनी निघते तेव्हा

प्रश्न: दारू, तंबाखू, शस्त्रं असल्या कंपन्यांत माझा पैसा नको आहे. एथिकल किंवा ईएसजी फंड घेतला तर त्यात या कंपन्या खरंच नसतात का? आणि लाँग टर्मला रिटर्न कमी मिळतो का? कुठला फंड घेऊ?

उत्तर:

नसतात असं अजिबात नाही. फंडाच्या नावावरून काहीच कळत नाही, पूर्ण यादी उघडून बघावी लागते. आणि मी हे एवढं ठासून सांगतेय कारण यावरून माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं चांगलंच वाजलं होतं.

आमचे बाबा घशाच्या कॅन्सरने गेले, आयुष्यभर सिगारेट. त्यांचे मागे राहिलेले पैसे गुंतवायची वेळ आली तेव्हा आईने एकच अट घातली, सिगारेटवाल्यांना यातला एक पैसा जाता कामा नये. दादाने एक ईएसजी फंड, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार बघून कंपन्या निवडणारा फंड, निवडला, माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं की तंबाखू उद्योग वगळला आहे, खाली टॉप टेन कंपन्या, सगळ्या सोज्वळ. दादा म्हणाला झालं, आईला सांग. मी म्हटलं, टॉप टेन म्हणजे फंड नव्हे, उरलेल्या कंपन्या कुठायत?

फंड हाउसच्या वेबसाइटवर पूर्ण पोर्टफोलिओची फाइल ठरावीक काळाने टाकलेली असते, ती काढली. आता इथे लोक काय करतात, सेक्टरचा कॉलम बघतात आणि ‘तंबाखू’ दिसलं नाही की खूश होतात. तसं नाही दिसणार. सिगारेट कंपनी बऱ्याचदा रोजच्या वापराच्या वस्तूंच्या सेक्टरमध्ये, साबण-बिस्किटांच्या शेजारी बसलेली असते, म्हणून एकेक नाव वाचायचं. मी वाचलं, आणि मधेच सिगारेटमधली एक बडी कंपनी निघाली, फंडाच्या ३ टक्क्यांच्या आसपास.

दादा म्हणाला चूक झाली असेल. चूक नव्हती! नियमांचा एक वेगळा दस्तऐवज असतो, इंडेक्स फंड असेल, म्हणजे ठरलेल्या यादीप्रमाणेच कंपन्या घेणारा, तर ती यादी म्हणजे इंडेक्स बनवणाऱ्याकडे मेथडॉलॉजी म्हणून मिळतो, त्यात `exclusion` म्हणजे काय वगळलंय आणि `threshold` म्हणजे किती टक्क्यांपासून, हे शब्द शोधा. आमच्या फंडाचा नियम होता की एकूण विक्रीतली निम्म्याहून जास्त विक्री तंबाखूची असेल तरच कंपनी बाहेर. ही कंपनी इतरही दहा वस्तू विकते, त्यामुळे सिगारेटची विक्री निम्म्याच्या आत बसत होती. मग मी तिचा वार्षिक अहवाल काढला, त्यात सेगमेंटनुसार विक्री आणि नफा वेगवेगळा दिलेला असतो, तर नफ्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश सिगारेटचा! म्हणजे नियम विक्री मोजत होता आणि कंपनी जगत होती सिगारेटच्या नफ्यावर. माझ्या मते बघायची गोष्ट ही आहे, टक्का कशाचा मोजलाय आणि किती. तंबाखूचा माल बनवणाऱ्याला विक्रीच्या ५ टक्के आणि नुसता विकणाऱ्या दुकानदाराला त्याहून सैल अशी मर्यादा असेल तर मी तो नियम प्रामाणिक मानते. ५० टक्क्यांचा नियम मी नियम मानत नाही.

दुसरी पद्धत असते ‘सेक्टरमधले उत्तम’ निवडायची. म्हणजे उद्योग वगळायचाच नाही, त्यातल्या त्यात बऱ्या कंपन्या ठेवायच्या. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांच्या एस अँड पी ५०० ईएसजी इंडेक्समधून विजेच्या गाड्या बनवणारी टेस्ला बाहेर गेली आणि तेल कंपनी एक्सॉनमोबिल आत राहिली, लोकांनी आरडाओरडा केला, पण इंडेक्स स्वतःच्या नियमाने बरोबर चालला होता. तुमचा अर्थ आणि त्यांचा अर्थ एक नाही एवढंच. आणि फंड जर दुसऱ्या फंडांत पैसे टाकणारा असेल तर यादीत फक्त त्या फंडांची नावं दिसतात, मग त्यांच्याही याद्या उघडा.

आता रिटर्न. यादी दाखवल्यावर दादाने मोर्चा तिकडे वळवला, म्हणे याच कंपन्या सगळ्यात जास्त कमावतात, भावनेपोटी आईचं नुकसान करू नकोस. त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. अमेरिकेत १९०० ते २०१४ मध्ये तंबाखू शेअर्सनी वर्षाला सरासरी १४.६ टक्के दिले, बाजाराने ९.६. हाँग आणि काचपरचिक यांच्या २००९ च्या संशोधनातही असल्या शेअर्सचा परतावा जास्त निघाला, कारण मोठ्या संस्था ते टाळतात, म्हणून ते स्वस्त मिळतात. पण ब्लिट्झ आणि फाबोझी यांनी २०१७ मध्ये दाखवलं की हा जास्तीचा परतावा बराचसा दणकट नफा आणि जपून केलेला विस्तार या दोन गुणांतून येतो, आणि हे गुण दुसऱ्या उद्योगांतल्या कंपन्यांतही सापडतात.

तरी समजा दादाचंच खरं. मी त्याला कागदावर मांडून दाखवलं. बाजारात या उद्योगाचा वाटा दरवर्षी ४ टक्केच धरा, तो कायम वर्षाला १४ टक्के देतो आणि बाकी बाजार १० टक्के. सगळं घेतलं तर १०.१६ टक्के, वगळलं तर १०. तीस वर्षांत एक लाखाचे १८.२३ लाख झाले असते ते १७.४५ लाख होतात. आता हाच वगळणारा फंड नेहमीच्या इंडेक्स फंडापेक्षा १ टक्का जास्त खर्च लावत असेल तर १० चे ९ होतात आणि हातात १३.२७ लाख येतात. सिगारेट वगळल्याने ऐंशी हजारसुद्धा गेले नाहीत, फीने चार लाखांवर गेले! आणि दादाने निवडलेला फंड महागच होता, सिगारेट कंपनी आत ठेवूनसुद्धा, मग नुकसान कोण करत होतं? यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही.

एक मात्र आहे, हे गणित छोट्या उद्योगाचं आहे. तुम्ही तेल, बँका, दारू सगळंच काढायला लागलात तर तुमचा फंड बाजारापेक्षा वेगळाच चालणार आणि एखादं वर्ष झोंबणार. २०२२ मध्ये एस अँड पी ५०० साधारण १८ टक्के पडला आणि त्यातलं ऊर्जा क्षेत्र ६५ टक्क्यांवर चढलं, ज्यांनी तेल वगळलेलं त्यांनी ते वर्ष नुसतं बघितलं. अशा वर्षी घाबरून परत नेहमीच्या फंडात उडी मारणार असाल तर वगळूच नका. आणि वगळल्याने रिटर्न वाढतो असं कुणी विकत असेल तर तेही मानू नका.

कुठला फंड ते मी सांगणार नाही, तुमची रेघ कुठे आहे ते मला माहीत नाही. पण शस्त्रांचं नीट तपासा, कारण पुष्कळ फंडांत ‘वादग्रस्त शस्त्रं’ वगळली असं लिहिलेलं असतं आणि त्यात भूसुरुंग, क्लस्टर बॉम्ब, रासायनिक-जैविक शस्त्रं येतात, साध्या बंदुका, रणगाडे, लढाऊ विमानं बनवणारे आतच राहू शकतात. दारू तर बऱ्याच ईएसजी फंडांच्या वगळायच्या यादीतच नसते.