पावडर टाकूनही टाकीचा वास जात नाही

प्रश्न: गच्चीवरची हजार लिटरची टाकी धुवून टीसीएल पावडर टाकली, तरी आठ दिवसांत पुन्हा वास येतो. कोणती पावडर वापरावी?

पावडर बदलून काही होणार नाही भाऊ, तळाला गाळ राहिला असेल. आमचे मोठे बाबा दरवर्षी पोळ्याच्या आधी टाकीचं झाकण उघडून वरूनच पावडर टाकत आणि म्हणत, "झाली साफ." वास आला की आणखी पावडर. यावरून आमचं घरात कितीदा वाजलं!

शेवटी मी स्वतः टाकीत उतरलो. खाली जाणारा पाइप तळापासून चार बोटं वर होता, म्हणजे तेवढ्या उंचीचं पाणी नळातून कधी निघतच नव्हतं. त्यात काळा, बुळबुळीत गाळ, आणि बोटानं ढवळला की सडक्या अंड्याचा वास. क्लोरीन आधी ह्या घाणीतच खर्ची पडतो, जंतू मारायला उरत नाही. मोठे बाबांना घमेलं भरून दाखवलं, तर म्हणे, "बोअरच्या पाण्याला एवढं असतेच."

आधी खालचा व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर ढवळलेला गाळ पाइपात उतरून नळ तुंबतात. वीतभर पाणी ठेवून नायलॉनच्या ब्रशनं वरून खाली घासा. तारेचा ब्रश नको, प्लास्टिकला ओरखडे पडतात आणि घाण त्यातच बसते. मग गाळ सुपलीनं भरून काढा आणि उरलेलं जुन्या धोतराच्या फडक्यानं टिपून घ्या. कोपरे बोटांनी तपासा. बुळबुळ लागली तर पुन्हा घासा.

त्यानंतर पावडर. ताजी असेल तर हजार लिटरला दीडशे ग्रॅम. बादलीत कालवून चुना बसू द्या, वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत घाला आणि टाकी भरा. घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, मग बंद करून रात्रभर राहू द्या. सकाळी क्लोरीनचा वास पार गेला असेल तर गाळ कुठंतरी उरलाय किंवा पावडर मेलेली आहे. ग्रामपंचायतीतून आणलेलं उघडं पोतं असेल तर दुसरीच शक्यता जास्त. वास टिकला असेल तर सगळं पाणी सोडून द्या आणि वास जाईपर्यंत साध्या पाण्यानं धुवा. रोजच्या शुद्धीकरणाच्या कितीतरी पट डोस आहे हा, पिऊ नका, जनावरांनाही देऊ नका.

आणि हो, खारामुळं पांढरा थर असेल तर ॲसिड टाकायचा मोह होतो. ॲसिड आणि पावडर एकत्र आले की विषारी वायू निघतो, आणि टाकीत वाकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. थर तसाच राहू द्या, त्यानं वास येत नाही. उतरताना मात्र वर एक माणूस उभा ठेवा. मोठे बाबांना ठेवू नका, ते वरूनच पावडर टाकतील.