पतीचं लपवलेलं सट्ट्याचं कर्ज आणि पत्नीची सही

प्रश्न: वकीलसाहेब, यांच्या मोबाईलमध्ये क्रिकेटवर पैसे लावायची दोन ॲप लपवलेली सापडली. विचारलं की चिडतात, म्हणून चिठ्ठी लिहिणार आहे. यांचा पगार ३२ हजार, माझ्या शिलाईचे सहा. भाडं, किराणा, पोरांच्या फिया, सासूबाईंची औषधं यात २६ हजार जातात. पतसंस्थेचा हप्ता ५,२००, त्याला जामीनदार मी. माझं गंठण तारण ठेवलंय, त्याचं व्याज १,८००. मोबाईलवरून घेतलेल्या कर्जाचे हप्ते ९,५००. आता पतसंस्थेच्या टॉप-अपवर सही कर म्हणतात. यातलं माझ्यावर काय येतं? चिठ्ठीत काय लिहू?
— एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर: ताई, चिठ्ठी लिहा, पण टॉप-अपवर सही करू नका. बाकी सगळं यानंतर.

नवऱ्याचं कर्ज लग्नामुळे बायकोवर येत नाही, ते सहीमुळे येतं. मोबाईलवरचं कर्ज त्यांनी एकट्याने घेतलं असेल तर ते त्यांचंच. वसुलीवाले तुम्हाला फोन करून धमकावू लागले तर रेकॉर्ड ठेवा. कर्जदारालासुद्धा सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

पतसंस्थेचं मात्र वेगळं आहे. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ‘आधी त्यांच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असं तुम्हाला म्हणता येत नाही. शिवाय पतसंस्थेला दिवाणी दावा लावायची गरज नसते. सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि त्यात जामीनदाराचंही नाव येतं. तशी नोटीस आली तर तारखेला हजर राहाच. न गेल्यामुळे एकतर्फी दाखला झालेली माणसं मी बरीच पाहतो.

दिलेल्या कर्जाची जामीनकी मागे घेता येत नाही. पण तुमच्या संमतीशिवाय अटी बदलल्या, तर त्यानंतरच्या व्यवहाराला तुम्ही बांधील राहत नाही, हे कलम १३३ सांगतं. टॉप-अपमध्ये बहुतेक वेळा जुनं खातं बंद करून मोठ्या रकमेचं नवं कर्ज उघडतात. म्हणजे त्या सहीने आजवर फिटलेल्या हप्त्यांनी हलका झालेला बोजा पुन्हा पूर्ण तुमच्या डोक्यावर येईल.

आता घराला काय पेलवतं ते बघा. खर्च वजा जाता १२ हजार उरतात आणि हप्ते आहेत १६,५००. दर महिन्याला ४,५०० ची तूट, आणि टॉप-अप म्हणजे तीच तूट नव्या कर्जाने झाकणं. म्हणून चिठ्ठीत क्रम ठरवून द्या. आधी पतसंस्था, कारण तिथे तुमची सही आहे. मग गंठणाचं व्याज. हे दोन्ही मिळून ७ हजार. उरलेले ५ हजार मोबाईलवरच्या कर्जांना, आणि मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा लेखी अर्ज त्यांनी स्वतः करायचा. कंपनी तो मान्य करेलच असं नाही. नाही केला तर दंड लागेल आणि त्यांचा सिबिल खराब होईल. तरीही घराचं नुकसान त्यात कमी आहे.

गंठणाची पावती मागून घ्या आणि मुदत कधी संपते ते पाहा. नुसतं व्याज भरत राहिलं तरी मुदतीअखेर मुद्दल एकरकमी द्यावं लागतं, नाहीतर नोटीस देऊन लिलाव होतो. गंठण हे तुमचं स्त्रीधन आहे. ती पती-पत्नीची सामायिक मालमत्ता नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे.

ते चिडतात त्यामागे भीतीही असू शकते. म्हणून हेही लिहा की २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात शिक्षा असा खेळ चालवणाऱ्याला आणि त्याची जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. आणि ‘एकदा मोठी रक्कम लागली की सगळं फेडतो’ याचं उत्तर करार कायद्याच्या कलम ३० मध्ये आहे. पैजेत जिंकलेले पैसे ॲपवाल्याने दिले नाहीत, तर कोर्टात दावा चालत नाही.

चिठ्ठी साधारण अशी असू द्या:

‘अहो, मी भांडायला लिहीत नाही. घरखर्च भागवून १२ हजार उरतात, त्यापेक्षा जास्त आपल्याला झेपत नाही. टॉप-अपवर मी सही करणार नाही. येत्या रविवारी तुमच्या मोबाईलवर तुम्हीच सिबिलचा रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. कुणाकडून हातउसने घेतले असतील तर तेही सांगा. पगार झाला की आधी घरखर्च, पतसंस्थेचा हप्ता आणि गंठणाचं व्याज माझ्या खात्यावर टाका. दोन्ही ॲप माझ्यासमोर बंद करा.’

‘मी सगळं फेडते’ असं मात्र कुठेही लिहू नका. तारीख घाला आणि फोटो काढून ठेवा. पुढे तुमच्या दोघांत खटला झालाच, तर ही चिठ्ठी पुरावा म्हणून दाखवता येते.

चिठ्ठी वाचून हात उगारला, किंवा घरातलं काही विकायला काढलं, तर तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याला भेटा. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ मध्ये आर्थिक छळही येतो, आणि स्त्रीधन किंवा सामायिक खात्यातले पैसे परस्पर हलवायला मॅजिस्ट्रेट मनाई करू शकतात.

या आठवड्यात पतसंस्थेत जाऊन जामीनदार म्हणून लेखी अर्ज द्या, कर्जाचा खातेउतारा मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. ‘माझ्या समक्ष सहीशिवाय या खात्यात वाढ किंवा बदल करू नये’ ही एक ओळ त्याच अर्जात घाला.